दोन वर्षांच्या नफ्यातला फरक समजावणारा वॉटरफॉल चार्ट: एक्सेलमध्ये पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

"विक्री एकतीस लाखांनी वाढली म्हणता, मग नफा चार लाखांनीसुद्धा का वाढला नाही?"

हिशेबाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतो. नफा-तोटा पत्रक समोर ठेवून त्याचं उत्तर देता येतं, पण ऐकणारा तिसऱ्या ओळीला कंटाळतो. वॉटरफॉल चार्ट तेच उत्तर एका चित्रात देतो. डावीकडे मागच्या वर्षाचा नफा, उजवीकडे चालू वर्षाचा, आणि मध्ये पायऱ्या. कोणत्या कारणाने नफा किती चढला आणि कोणत्या कारणाने किती उतरला, हे त्या पायऱ्या दाखवतात.

चार्ट काढायला पाच मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो त्याच्या मागच्या छोट्या तक्त्यात, आणि चुकाही तिथेच होतात. म्हणून हा लेख अर्ध्याहून जास्त त्या तक्त्याबद्दल आहे. घाई असेल तर पाचव्या पायरीवर उडी मारा, पण चौथी वाचून मग.

## काय काय हाताशी हवं

- एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरचं. तयार वॉटरफॉल चार्ट २०१६ पासूनच आला. जुनं असेल तर शेवटची पायरी बघा.
- दोन्ही वर्षांची नफा-तोटा पत्रकं.
- दोन्ही वर्षांत विकलेले नग, आणि मॉडेल अनेक असतील तर मॉडेलनुसार नग आणि दर. हे पत्रकात नसतं, विक्री विभागाकडून किंवा बिलांच्या यादीतून काढावं लागतं. आधीच मागून ठेवा, कारण सगळ्यात उशिरा हेच येतं.

## १. दोन्ही वर्षं एका मापात आणा

फॉर्म्युल्याला हात लावण्याआधी दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून खर्चाचं एकेक शीर्षक जुळवून घ्या. मागच्या वर्षी माल पाठवण्याचं भाडं 'इतर खर्चात' होतं आणि यंदा कुणीतरी ते 'कच्च्या मालात' टाकलं, असं सर्रास होतं. मग चार्टवर एक पायरी खाली जाते, दुसरी तेवढीच वर येते, आणि प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसतं. जवळजवळ सारख्या उंचीच्या दोन उलट्या पायऱ्या दिसल्या की मी आधी शीर्षकं तपासते, मग कारण शोधते.

एकदाच घडलेल्या गोष्टीही इथेच बाजूला काढा. मागच्या वर्षी जुनं यंत्र विकून नफा झाला असेल, तर तो धंद्याच्या नफ्यात मिसळू नका, त्याची वेगळी पायरी करा.

आता आपलं उदाहरण. एकच मॉडेल विकणारा एक कारखाना घेऊ. कोऱ्या शीटवर A1 पासून हा तक्ता भरा:

| A | B (मागचं वर्ष) | C (चालू वर्ष) |
|---|---|---|
| विकलेले नग | १०,००० | ११,००० |
| विक्रीचा दर, प्रति नग | २,००० | २,१०० |
| कच्चा माल, प्रति नग | १,१०० | १,२२० |
| पगार, लाखांत | ३० | ३६ |
| इतर खर्च, लाखांत | २४ | २१ |
| नफा, लाखांत | फॉर्म्युला | फॉर्म्युला |

पहिली ओळ शीर्षकाची, त्यामुळे नग दुसऱ्या ओळीत आणि नफा सातव्या ओळीत येतो. B7 मध्ये हा फॉर्म्युला लिहा आणि C7 पर्यंत ओढा:

```
=B2*(B3-B4)/100000-B5-B6
```

मागच्या वर्षी ३६ आणि यंदा ३९.८ यायला हवेत. म्हणजे फरक ३.८ लाखांचा. विक्री २०० लाखांवरून २३१ लाखांवर गेली. सुरुवातीच्या प्रश्नातले एकतीस लाख ते हेच.

## २. पायऱ्या कोणत्या, ते ठरवा

बहुतेक जण पत्रकातल्या ओळींमधला फरक तसाच उचलतात: विक्री +३१, कच्चा माल −२४.२, पगार −६, इतर खर्च +३. बेरीज ३.८ येते आणि ताळाही जुळतो. पण हा चार्ट काहीच सांगत नाही. विक्री वाढली म्हणून कच्चा माल जास्त लागला, यात नवल काय? दोन मोठ्या पायऱ्या एकमेकींना खातात, आणि विचारणारा तिथेच अडकतो.

खरे प्रश्न तीन आहेत. जास्त नग विकल्यामुळे किती मिळालं? दर वाढवल्यामुळे किती? आणि कच्चा माल महागल्यामुळे किती गेलं? त्यासाठी विक्री आणि कच्चा माल या दोन ओळी फोडून तीन पायऱ्या करायच्या.

जास्त नग: हजार नग जास्त विकले. मागच्या वर्षी प्रत्येक नगामागे २,००० वजा १,१०० म्हणजे ९०० सुटत होते. हजार गुणिले ९००, म्हणजे ९ लाख. इथे पूर्ण दर धरायचा नाही, नगामागे सुटणारी रक्कम धरायची. वाढलेल्या नगांचा कच्चा माल याच पायरीत वळता होतो, म्हणून पुढच्या पायऱ्या स्वच्छ राहतात.

दरवाढ: नगामागे १०० वाढले, आणि ते यंदा विकलेल्या सगळ्या ११,००० नगांवर मिळाले. म्हणजे ११ लाख.

महागलेला कच्चा माल: नगामागे १२० जास्त, तेही ११,००० नगांवर. १३.२ लाख गेले.

आता गोष्ट दिसायला लागते. दरवाढीने ११ लाख आणले आणि मालाच्या महागाईने १३.२ लाख नेले. म्हणजे दर वाढवूनही महागाई भरून निघाली नाही. ओळींचा फरक तसाच घेतला असता तर हे वाक्य चार्टमधून कधीच निघालं नसतं.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. नगांची पायरी मागच्या वर्षाच्या दराने काढली, पण दराची आणि मालाची पायरी यंदाच्या नगांवर काढली. तिन्ही ठिकाणी मागच्या वर्षाचे आकडे वापरले तर दरवाढ १० लाख आणि महागाई १२ लाख येते, आणि एकूण ०.२ लाखाची तफावत राहते. ते ०.२ म्हणजे वाढलेल्या हजार नगांवरची दरवाढ आणि महागाई यांतला फरक. तो कुठल्यातरी पायरीत जायलाच हवा. नगांना जुना दर आणि दरांना नवे नग ही रूढ पद्धत आहे. तिला धरून राहिलात तर दरवर्षीचे चार्ट एकमेकांशी ताडता येतात.

## ३. चार्टचा तक्ता बांधा

E आणि F या स्तंभांत चार्टसाठी वेगळा तक्ता करा. E1 मध्ये 'कारण', F1 मध्ये 'लाखांत'. E2 पासून नावं या क्रमाने: मागच्या वर्षाचा नफा, जास्त नग, दरवाढ, महागलेला कच्चा माल, पगार, इतर खर्च, चालू वर्षाचा नफा. F2 पासून F8 पर्यंत हे फॉर्म्युले:

```
F2  =B7
F3  =(C2-B2)*(B3-B4)/100000
F4  =(C3-B3)*C2/100000
F5  =-(C4-B4)*C2/100000
F6  =B5-C5
F7  =B6-C6
F8  =C7
```

उत्तरं अशी येतात: ३६, ९, ११, −१३.२, −६, ३, ३९.८.

F6 आणि F7 नीट बघा. उत्पन्नात नवं वजा जुनं करायचं, आणि खर्चात उलट, जुनं वजा नवं. पगार ३० वरून ३६ झाला तर पायरी −६. इतर खर्च २४ वरून २१ वर उतरला तर पायरी +३. खर्च कमी झाला म्हणजे नफा वाढला, तेव्हा ती पायरी वरच जायला हवी. नवशिक्यांच्या दहातल्या आठ चुका या चिन्हांच्या असतात, असं मी माझ्या अनुभवावरून छातीठोकपणे सांगेन. प्रत्येक पायरीला मनात एकच प्रश्न विचारा: यामुळे नफा वाढला का? उत्तर 'हो' असेल तर अधिक, 'नाही' असेल तर वजा.

पायऱ्या चार ते आठ असाव्यात. बारीकसारीक खर्च 'इतर'मध्ये गोळा करायला हरकत नाही, पण 'इतर'ची पायरी शेजारच्या पायऱ्यांपेक्षा उंच झाली तर ती उघडून आतली मोठी बाब बाहेर काढा. नाहीतर पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

## ४. ताळा घ्या

F10 मध्ये:

```
=ROUND(SUM(F2:F7)-F8,2)
```

उत्तर शून्य यायलाच हवं. `ROUND` मुद्दाम घातलं आहे, कारण दशांशांच्या आकडेमोडीत एक्सेल कधी कधी शून्याऐवजी अतिसूक्ष्म अपूर्णांक दाखवतं आणि माणूस उगाच घाबरतो.

इथे एक सापळा आहे, आणि मी त्यात पडले आहे. पहिल्या चार्टच्या वेळी मी शेवटचा आकडा पत्रकातून न आणता वरच्या ओळींची बेरीज करून घेतला होता, म्हणजे F8 मध्ये थेट `=SUM(F2:F7)`. पायऱ्या सुरेख जुळल्या. जुळणारच, त्यांचीच बेरीज होती ती! पगाराचं चिन्ह उलटं पडलं होतं आणि चार्टवरचा नफा पत्रकापेक्षा जास्त दिसत होता. ते मला बैठकीत कळलं, दुसऱ्याच्या तोंडून. तेव्हापासून सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा पत्रकातून, आणि मधल्या पायऱ्या कारणांतून, असे दोन वेगळ्या वाटांनी येतात. दोन्ही वाटा एका ठिकाणी भेटल्या तरच त्या ताळ्याला अर्थ आहे.

तफावत आली तर तिचा आकडा वाचा. एखाद्या पायरीच्या बरोबर दुप्पट असेल तर त्या पायरीचं चिन्ह उलटं आहे. पगाराची पायरी चुकून +६ झाली तर तफावत १२ येईल. पायरीएवढीच असेल तर ती पायरी राहून गेली आहे किंवा दोनदा आली आहे. अगदी छोटी असेल, आपल्या उदाहरणातल्या ०.२ सारखी, तर नग आणि दर यांची फोड करताना वर्षांची सरमिसळ झाली आहे.

आणखी एक चूक अशी की ताळा पकडत नाही. मॉडेल एकाहून जास्त असतील आणि तुम्ही एकूण विक्री भागिले एकूण नग असा सरासरी दर घेतला, तर चार्ट सरळ खोटं बोलेल. समजा एक मॉडेल १,००० चं आणि दुसरं ३,००० चं आहे. मागच्या वर्षी दोन्ही निम्मी-निम्मी विकली, सरासरी दर २,०००. यंदा महागडं मॉडेल शंभरात पंचावन्न गेलं, सरासरी २,१००. एकाही मॉडेलचा दर एका पैशाने बदललेला नाही, तरी चार्टवर ११ लाखांची 'दरवाढ' उभी राहते आणि ताळाही शून्य येतो. "दर वाढवले? कुणी वाढवले?" असं विक्रीवाल्यांनी विचारलं की समजायचं, हेच झालं आहे. यावर उपाय एकच: F3, F4, F5 ची आकडेमोड प्रत्येक मॉडेलसाठी वेगळ्या ओळीत करा आणि मग बेरजा आणा. दराची पायरी मग खऱ्या दरवाढीचीच राहते. महागड्या मॉडेलकडे वळलेल्या विक्रीचा परिणाम नगांच्या पायरीत येतो, म्हणून तिला 'नग आणि मॉडेलांचं मिश्रण' असं नाव द्या.

## ५. चार्ट घाला

E1 ते F8 निवडा. ताळ्याची ओळ निवडीत येऊ देऊ नका. `Insert` टॅबवर `Charts` गटात `Insert Waterfall, Funnel, Stock, Surface, or Radar Chart` हे बटण आहे, त्यातलं `Waterfall` घ्या.

जे दिसेल ते बघून दचकू नका. शेवटचा खांब हवेत लटकलेला असेल, ३९.८ पासून ७९.६ पर्यंत. एक्सेलला तो शेवटचा नफा आहे हे माहीत नाही. त्याच्या लेखी ती आणखी एक चढती पायरी आहे, म्हणून त्याने ती आधीच्या उंचीवर रचली.

त्या खांबावर एकदा क्लिक करा, सगळे खांब निवडले जातील. थोडं थांबून पुन्हा एकदा क्लिक करा, आता तो एकटाच निवडला जाईल. मग उजवी क्लिक आणि `Set as Total`. खांब खाली उतरून शून्यावर उभा राहतो. पहिल्या खांबालाही हेच करा. तो आधीच शून्यावर असतो, पण त्याचा रंग चढत्या पायऱ्यांचा असतो, आणि बघणाऱ्याला ३६ लाख ही वाढ वाटते. चुकून मधल्या पायरीला लागलं तर तिथेच उजव्या क्लिकमध्ये `Clear Total` आहे.

दोन क्लिकांमध्ये थांबायचं कारण असं की भरभर केल्या तर एक्सेल ती दुहेरी क्लिक समजतं आणि उजवीकडे फॉरमॅटची पट्टी उघडतं. ती उघडली तरी बिघडत नाही. खांब एकटा निवडलेला असताना त्या पट्टीतही `Set as total` ची चौकट मिळते.

नंतर कधी तक्त्यात मध्ये नवी ओळ घातलीत तर पहिला आणि शेवटचा खांब पुन्हा डोळ्यांखालून घाला.

## ६. चित्र वाचण्यासारखं करा

रंग. एकेक पायरी रंगवत बसू नका. चार्टच्या वर `Increase`, `Decrease`, `Total` अशी सूची येते. तिच्यावर एक क्लिक, मग हव्या त्या नावावर दुसरी क्लिक, आणि `Format` टॅबमधून `Shape Fill`. त्या प्रकारच्या सगळ्या पायऱ्या एकदम रंगतात. हिरवा आणि लाल ही जोडी टाळा. काही जणांना ते दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत तर कुणालाच नाही. रंगून झालं की सूची काढून टाका.

अक्ष. इथे मोह आवरा. पायऱ्या उठून दिसाव्यात म्हणून उभ्या अक्षाचा `Minimum` वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. आपल्या उदाहरणात तो ३० केला तर मागच्या वर्षाच्या खांबाची दिसणारी उंची ६ राहते आणि यंदाच्याची ९.८. डोळ्यांना नफा दीडपटीहून जास्त झालेला दिसतो. प्रत्यक्षात वाढ आहे साडेदहा टक्क्यांच्या आसपास. पायऱ्या दिसत असतील तर अक्ष शून्यावरच ठेवा. नफा शेकड्यांत आणि पायऱ्या एक-दोनच्या असतील, तर अक्ष कापल्याशिवाय काही दिसणारच नाही, तेव्हा कापा. पण 'उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही' असं चार्टखाली ठळक लिहा.

शीर्षक. 'नफ्यातील बदल' असं शीर्षक वाया जातं. निष्कर्षच शीर्षकात घाला: 'दरवाढीने महागाई भरून निघाली नाही, जास्त विक्रीमुळे नफा ३.८ लाखांनी वाढला'. एकक लाखांत आहे हेही कुठेतरी लिहा.

## ७. समोरच्याकडे जुनं एक्सेल असेल तर

एक्सेल २०१३ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत हा चार्ट दिसत नाही. त्या जागी रिकामी चौकट आणि चार्ट उपलब्ध नसल्याची सूचना येते. नुसतं दाखवायचं असेल तर चार्ट कॉपी करून `Paste Special` मधून चित्र म्हणून चिकटवा आणि ते पाठवा.

जुन्या एक्सेलमध्येच बनवायचा असेल तर साधा `Stacked Column` वापरून तो रचावा लागतो. G मध्ये पायरीगणिक साचत जाणारी बेरीज, H मध्ये न दिसणारा पाया, I मध्ये चढ, J मध्ये उतार, K मध्ये दोन टोकांचे खांब:

```
G2  =F2
G3  =G2+F3
H3  =MIN(G2,G3)
I3  =MAX(F3,0)
J3  =MAX(-F3,0)
K2  =F2
K8  =F8
```

G3 ते J3 हे चारही सातव्या ओळीपर्यंत ओढा. कच्च्या मालाच्या ओळीत पाया ४२.८ आणि उतार १३.२ आला, तर बरोबर चाललं आहे. मग E आणि H ते K निवडून (`Ctrl` दाबून, मधले F आणि G सोडून) चार्ट घाला. H च्या मालिकेला `No Fill` द्या. पांढरा रंग देऊ नका, मागच्या रेषा त्याखाली झाकल्या जातात आणि पाया उघडा पडतो. `Gap Width` ५० टक्क्यांच्या आसपास आणा.

ही रचना साचती बेरीज शून्याच्या वर राहते तोवरच चालते. मध्येच तोटा होऊन बेरीज शून्याखाली गेली, तर `MIN` चा पाया उणे होतो आणि पायरी भलत्याच जागी जाऊन बसते. नफ्यातून तोट्यात गेलेल्या वर्षाचा चार्ट करायचा असेल, तर २०१६ किंवा त्यानंतरचं एक्सेल असलेलं यंत्र शोधा. तयार चार्ट शून्याच्या रेषेवरून पायरी बिनचूक खाली नेतो.